दिवाळी पहाटचं तिकीट किती ठेवायचं? खुर्च्यांनी भागू नका

आमच्या मंडळाने पहिली दिवाळी पहाट केली तेव्हा तिकिटाची किंमत पाच मिनिटांत ठरली होती. सभागृहात ३५० खुर्च्या. भाडं, कलाकारांचं मानधन, साउंड वगैरे मिळून ७०,००० रुपये. ३५० ने भागलं, माणशी २०० आले. फराळाचे ९० मिळवले, २९० झाले. "तीनशे ठेवू, वर दहा रुपये सुटतील," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं.

विकली गेली १९० तिकिटं. ४० जण सन्मानिकेवर आले. जमा झाले ५७,००० आणि खर्च झाला ९०,७००. उरलेले ३३,७०० रुपये कार्यकारिणीतल्या सात जणांनी पदरमोड करून भरले, आणि त्यातल्या दोघांनी पुढच्या वर्षी काम करायला नकार दिला. त्यांची काही चूक नव्हती. त्या वर्षापासून खजिनदारकी माझ्याकडे आली. किंमत ठरवण्याची पद्धत आम्ही हळूहळू बसवत गेलो, ती इथे पायरीपायरीने लिहितो आहे. उदाहरण दिवाळी पहाटचंच घेतो. कोजागरीला, नाट्यप्रयोगाला किंवा मंगळागौरीच्या खेळांना आकडे बदलतील, रीत हीच राहील.

आधी खर्चाचे दोन ढीग करा

वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे जे खर्च एकही प्रेक्षक आला नाही तरी द्यावेच लागतील ते, आणि उजवीकडे जे माणूस वाढला की वाढतात ते. पहिल्याला आम्ही ठाम खर्च म्हणतो आणि दुसऱ्याला माणशी खर्च.

आपल्या उदाहरणातला ठाम खर्च असा आहे:

- सभागृहाचं एका सत्राचं भाडं १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २१,२४०
- सफाई आणि वेळेआधी सभागृह उघडण्याचा आकार २,७६०
- गायक, साथीदार आणि निवेदक यांचं मानधन ४५,०००
- साउंड ९,०००
- रंगमंच सजावट, फुलं, पणत्या, रांगोळी ४,५००
- कलाकारांचा प्रवास आणि चहा-नाश्ता ४,५००
- फ्लेक्स, तिकिटं आणि कुपनं छापणं ३,०००

बेरीज ९०,०००.

यातल्या पहिल्या दोन ओळींवर थोडं थांबा, कारण नवीन मंडळं इथेच फसतात. सभागृहाच्या कार्यालयात फोन केला की "अठरा हजार" एवढंच सांगतात. जीएसटी त्यात धरला आहे की वेगळा, सुट्टीच्या दिवसाचा दर निराळा आहे का, वेळ उलटली तर तासाला किती, आणि पहाटे साडेचारला कुलूप उघडायला माणूस येणार का, हे आपणच विचारायचं असतं. बऱ्याच नाट्यगृहांचं सकाळचं सत्र आठ-नऊला सुरू होतं. पहाटेचा कार्यक्रम म्हणजे सत्राबाहेरचा वेळ, आणि त्याचा आकार वेगळा पडतो. तो पावतीवर लिहून घ्या.

भाडं नको म्हणून मैदानावर करू, असा विचार दरवर्षी कुणीतरी मांडतं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल, तर ती लागू होत नाही. साडेपाचला पहिला अभंग व्हायचा असेल तर सभागृहाला पर्याय नाही. भाड्याच्या पैशात तुम्ही ती वेळ विकत घेता.

अनामत रक्कम या यादीत नाही, कारण ती परत मिळते. पण ती सुरुवातीलाच भरावी लागते, तेव्हा तेवढे पैसे हातात हवेत. गाण्यांच्या हक्कांचा परवानाही या यादीत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. चित्रपटगीतं आणि भावगीतं गायची असतील तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे आधी दर विचारा आणि आलेला आकडा ठाम खर्चात टाका. आपल्या उदाहरणात संतांचे अभंग आणि पारंपरिक चाली आहेत, म्हणून तो धरलेला नाही.

आता उजवी बाजू. फराळाची प्लेट ८५, चहा १५, दारात देतो ती उटण्याची पुडी १०. माणशी ११०.

माणशी वाटणारा खर्च खरंच माणशी आहे का, ते पाहा

केटरर ८५ रुपये प्लेट म्हणतो तेव्हा पाठोपाठ "किमान दोनशे प्लेटी" असंही म्हणतो. ते वाक्य हलक्या आवाजात येतं, पण हिशोबात त्याचं वजन मोठं आहे. दोनशेच्या आत कितीही माणसं आली तरी १७,००० द्यायचेच आहेत. म्हणजे दोनशेपर्यंत फराळ हा ठाम खर्चच झाला. १८० माणसं आली तर २० प्लेटींचे १,७०० रुपये वाया जातील. म्हणून किमान आकडा तुमच्या खात्रीच्या माणसांपेक्षा बराच खाली आहे ना, हे आधी बघा. नसेल तर केटररशी बोला. एक पदार्थ कमी करून किमान आकडा खाली आणता येतो. आम्ही एका वर्षी अनारसे काढले आणि अडीचशेचा किमान आकडा दोनशेवर आणला.

वरच्या टोकालाही असाच एक उंबरठा असतो. आमच्या सभागृहाच्या व्हरांड्यात अडीचशे माणसं एका वेळी फराळ करू शकतात. त्यापुढे आणखी एक टेबल आणि दोन वाढपी लागतात. अडीचशे एकावं माणूस आलं की खर्च ११० ने वाढत नाही, एकदम दोन-तीन हजारांनी वाढतो. आपल्या उदाहरणात तिथपर्यंत जायचं नाही, पण तुमचा उंबरठा कुठे आहे ते केटररसोबत जागा बघून ठरवा.

सन्मानिका फुकट नसतात

सन्मानिका हा सगळ्यांत नाजूक विषय. प्रायोजकाच्या घरचे, कलाकारांचे नातेवाईक, नगरसेवक, जुने अध्यक्ष, आणि पहाटे तीनपासून राबणारे आपले कार्यकर्ते यांना तिकीट लावायचं नसतं, आणि लावूही नये. पण त्यांचा फराळ, चहा आणि उटणं कुणीतरी भरतं. तिकीट काढून आलेला माणूस भरतो.

म्हणून सन्मानिकांचा आकडा किंमत ठरवण्याआधी ठरवा आणि कार्यवृत्तात लिहून ठेवा. आम्ही ३० ठरवतो: २० कार्यकर्ते आणि १० पाहुणे. तीस गुणिले ११० म्हणजे ३,३००. हे ठाम खर्चात मिळवा, ९३,३०० झाले. त्यावर अडीअडचणीसाठी साधारण पाच टक्के, म्हणजे ४,७०० धरा. ऐन वेळी जनरेटरचं डिझेल लागतं, माईक बंद पडतो, तबलजींना रिक्षा मिळत नाही. एकूण ९८,०००.

प्रायोजकाचे पैसे हातात आल्यावरच धरा

एका दुकानदाराने पंधरा हजार "नक्की" म्हटलं आहे, एका डॉक्टरांनी दहा हजारांचा धनादेश दिला आहे आणि एका बिल्डरने पंधरा हजार खात्यात भरले आहेत. वहीत २५,००० लिहा. "नक्की" म्हणणाऱ्यांचे पंधरा आले तर आनंदच आहे, पण तोंडी शब्दावर तिकिटाची किंमत कमी करू नका. दिवाळीच्या आठवड्यात दुकानदाराला स्वतःचं दुकान सांभाळायचं असतं, त्याच्यामागे पैशासाठी फिरायची वेळ आपल्यावर येऊ नये. ९८,००० वजा २५,०००, म्हणजे तिकिटांतून उभे करायचे ७३,०००.

भागायचं कशाने?

आमची पहिल्या वर्षीची चूक भागाकारात नव्हती, भाजकात होती. खुर्च्या ३५० आहेत म्हणून माणसं ३५० येत नाहीत. भाजक म्हणून तिकीट काढून येणाऱ्या माणसांचा आकडा घ्यायचा, तोही जरा हात राखून.

मागच्या वर्षांच्या नोंदी असतील तर प्रश्न सोपा आहे. नसतील तर असं करा. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने कागदावर नावं लिहायची: मी स्वतः जाऊन ज्यांच्याकडून पैसे घेणार आहे अशी घरं, आणि प्रत्येक घरातून किती जण. "आमच्या सोसायटीतून पन्नास येतील" हे चालणार नाही. कुणाच्या घरचे चार, कुणाकडचे दोन, असं नावानिशी हवं. दोन याद्यांत एकच घर आलं असेल तर ते खोडा. आमची अशी बेरीज पहिल्यांदा २९४ आली होती. आमचा अनुभव असा की नावं लिहिलेल्या चारांपैकी तीन जण प्रत्यक्ष पैसे देतात. २९४ चे पाऊण म्हणजे २२०.

व्हॉट्सअॅपवरचे "आम्ही येतोय", जोडलेले हात आणि अंगठे यात धरू नका. दिवाळीत पाहुणे येतात, कुणी गावाला जातं, कुणाला पहाटे उठवत नाही. पैसे दिलेला माणूस मात्र उठतो.

७३,००० भागिले २२० म्हणजे ३३२. त्यात माणशी ११० मिळवा, ४४२. तिकिटामागे सरासरी ४४२ रुपये पडले तर खर्च भरून निघतो. हेच ३५० ने भागलं असतं तर ३१९ आले असते, आणि ३२० रुपयांचं तिकीट सगळ्यांना सुंदर वाटलं असतं. २२० तिकिटांवर ते जवळपास २७,००० ची तूट घेऊन आलं असतं.

सवलती सरासरीत बसवा

४४२ ही सरासरी आहे, तिकिटावर छापायचा आकडा नाही. सभासदांना सवलत हवी आणि मुलांना अर्धं तिकीट हवं, हे मान्यच आहे. मुलं आली तर आई-वडील येतात. म्हणून २२० मध्ये कोण किती ते आधी मांडा. समजा १२० सभासद, ८० बाहेरचे आणि २० मुलं.

बैठकीत पहिली सूचना आली: सभासद ४००, इतर ५००, मुलं २५०. ऐकायला गोल आकडे आहेत. गुणाकार करा: ४८,००० अधिक ४०,००० अधिक ५,०००, मिळून ९३,०००. लागणार आहेत ७३,००० अधिक २२० माणसांचे २४,२००, म्हणजे ९७,२००. चार हजार दोनशे कमी पडले, आणि अजून एकही तिकीट विकलेलं नाही.

सभासदांचं ४५० केलं की जमा ९९,००० होते आणि १,८०० वर राहतात. तेच ठरलं. सभासदांना पन्नास रुपयांची सवलत कमी वाटेल, अशी शंका येते. त्यावर मी बैठकीत हे पान सगळ्यांसमोर ठेवतो. आकडा कुठून आला हे दिसलं की माणसं त्यावर भांडत नाहीत.

तीनापेक्षा जास्त दर ठेवू नका. ज्येष्ठ, विद्यार्थी, जोडपं, चौघांचं कुटुंब, लवकर काढणारे, अशा पाच-सहा सवलती ठेवल्या की दारातला कार्यकर्ता गोंधळतो आणि सरासरी किती पडली ते कार्यक्रम संपेपर्यंत कळत नाही. आम्ही दहा वर्षांखालच्यांना मूल धरतो. मांडीवर बसणाऱ्या बाळाला तिकीट नाही आणि कुपनही नाही.

बाहेरच्यांचं तिकीट ५०० वरच थांबवण्याला आणखी एक कारण आहे. संगीत, नाटक, लोकनृत्य अशा कार्यक्रमांच्या माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्काला जीएसटीतून सूट आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्या छोट्या मंडळाला बहुधा नोंदणीचीच गरज पडत नाही. पण तुमची संस्था मोठी असेल, नोंदणी झालेली असेल, तर ५०० ची रेषा ओलांडण्याआधी सनदी लेखापालांना विचारा.

जुळणीचा आकडा भिंतीवर लावा

किंमत ठरली की एक आकडा काढायचा: किती तिकिटं विकली की आपण पाण्याबाहेर? ९९,००० भागिले २२०, सरासरी तिकीट ४५०. त्यातले ११० त्याच माणसावर खर्च होतात. उरलेले ३४० ठाम खर्चाकडे जातात. ७३,००० भागिले ३४० म्हणजे २१५ तिकिटं. मोबाइलवर हिशोबाचा तक्ता ठेवत असाल तर B1 मध्ये ७३,०००, B2 मध्ये ४५० आणि B3 मध्ये ११० भरा आणि खाली हे लिहा:

```
=ROUNDUP(B1/(B2-B3),0)
```

हा २१५ चा आकडा आम्ही मोठ्या अक्षरात लिहून मंडळाच्या खोलीत लावतो, आणि रोज रात्री त्याखाली त्या दिवसापर्यंतची विक्री. विक्री म्हणजे पैसे जमा झालेली तिकिटं. एखाद्याने विकायला नेलेला गठ्ठा विक्रीत येत नाही. गठ्ठे घरी नेऊन आदल्या दिवशी "वीस उरली" म्हणून परत आणणारे कार्यकर्ते सगळीकडे असतात, म्हणून कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी सगळे गठ्ठे परत मागवा आणि मोजा.

दहा दिवस आधी समजा अंदाज १८० पर्यंतच जाताना दिसतो आहे. १८० गुणिले ३४० म्हणजे ६१,२००. ११,८०० ची तूट. अशा वेळी पहिली सूचना येते ती "कॉलेजच्या मुलांना दोनशेत सोडू." २०० मधून ११० गेले की ९० उरतात. ९० रुपयांनी ११,८०० भरायला १३२ मुलं लागतील. पूर्ण दराची फक्त ३५ तिकिटं विकली तर तीच तूट भरते. मुलांना जरूर बोलवा, तरुण कान हवेतच. पण तूट भरायची असेल तर यादीतल्या, अजून पैसे न दिलेल्या घरांना फोन करा. शिवाय दर उतरवल्याचं कळलं की साडेचारशे देऊन बसलेल्यांना फसल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वर्षी तेही शेवटच्या आठवड्याची वाट बघतात.

तरीही आकडा हलला नाही तर सजावट कमी करा, फ्लेक्स कमी करा. साउंडमध्ये कपात करू नका, घोगऱ्या माईकवरचा भूप कुणी विसरत नाही. आणि मानधनाला हात लावू नका. कलाकाराने शब्द घेऊन दिवाळीची पहाट आपल्यासाठी राखलेली असते, आपली तिकिटं खपली नाहीत हा त्यांचा दोष नाही.

कार्यक्रम रद्द करायचाच असेल तर त्याचीही मुदत असते. कोणत्या तारखेनंतर भाडं किंवा अनामत बुडते ते पावतीच्या मागे छापलेलं असतं. ती तारीख जुळणीच्या आकड्याशेजारीच लिहून ठेवा.

दारात कुपन, केटररकडे प्लेट

चार दिवस आधी केटररला प्लेटींचा पक्का आकडा द्यावा लागतो. विकलेली तिकिटं अधिक ३०, एवढाच द्या. "थोडे जास्त सांगून ठेवू" म्हटलं की त्या जास्तीचे पैसे जातात. आमच्याकडे पैसे देऊनही न येणारे दहा-बारा निघतातच, दारात ऐन वेळी आलेल्यांची सोय त्यांच्या प्लेटीत होते.

तिकिटाला फराळाचं कुपन जोडून छापा, मध्ये टोचलेली रेघ हवी. सन्मानिकेलाही तसंच कुपन, फक्त रंग वेगळा. आमचं तिकिटाचं केशरी असतं आणि सन्मानिकेचं पिवळं. फराळाच्या टेबलाशी एक कार्यकर्ता स्टीलचा डबा घेऊन बसतो, कुपन फाडून डब्यात टाकतो आणि मगच प्लेट पुढे सरकते. फराळ सुरू होण्याआधी केटररच्या माणसासोबत उभं राहून प्लेटींची चळत मोजा, दोघांनी एकाच कागदावर आकडा लिहा आणि सही करा. एका वर्षी हे केलं नाही तेव्हा बिल २७० प्लेटींचं आलं आणि डब्यात कुपनं होती २४१. कोण खरं ते ठरवायला काही साधन नव्हतं, आणि आम्ही २७० चे पैसे दिले.

पैसे मंडळाच्या खात्याच्या क्यूआर कोडवर घ्या, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नको. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर ते किती टक्के कापतात ते विचारून माणशी खर्चात मिळवा. ११० चे १२५ झाले तर जुळणीचा आकडा २१५ वरून २२५ होतो.

त्याच दुपारी वही पूर्ण करा

कार्यक्रम साडेआठला संपतो, अकरापर्यंत सभागृह रिकामं होतं. घरी जाऊन झोपावंसं वाटतं, पण आम्ही चौघं मंडळाच्या खोलीत बसून डबा उपडा करतो. केशरी किती, पिवळी किती, मुलांची किती. विकलेली तिकिटं आणि आलेली केशरी कुपनं यांतला फरक म्हणजे न आलेली माणसं. पुढच्या वर्षीच्या भाजकासाठी हा आकडा लागतो, आणि आठवड्याने तो कुणालाच आठवत नाही. याद्यांमधली नावं समोर घेऊन कुणी पैसे दिले त्यावर टिकही त्याच बैठकीत मारतो. चारात तीन हे प्रमाण आम्हाला असंच सापडलं. तुमच्याकडे ते दोनही निघेल.

आणि अनामत. सभागृहाची सफाई तपासून झाली की पावतीवर "नुकसान नाही" असा शेरा तिथेच लिहून घ्या. दिवाळीनंतर कार्यालय उघडलं की पहिल्या दिवशी ती पावती घेऊन जा. अनामत परत खात्यात येईपर्यंत मी वहीत शेवटची रेघ मारत नाही.